लोह आहे, पण रक्त होत नाही

चेहरा फिका दिसला, जिना चढताना धाप लागली, की आपल्याकडे सल्ला ठरलेला असतो : रक्त कमी झालंय, लोहाच्या गोळ्या सुरू करा. बहुतेक वेळा तो बरोबरही असतो, कारण आपल्या देशात सर्वांत जास्त दिसणारा ॲनिमिया लोहाच्या कमतरतेचाच. पण प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसणाऱ्या आम्हा पॅथॉलॉजीवाल्यांना अधूनमधून वेगळेच रुग्ण भेटतात. त्यांचं हिमोग्लोबिन आठावर आलेलं असतं आणि शरीरात लोह मात्र हवं त्याहून जास्त. लोहाचं हीम बनवण्याची जी प्रक्रिया आहे तीच कुठेतरी अडलेली असते, आणि कुठे अडली आहे हे शोधून काढावं लागतं.

बऱ्याच नोंदींमधून एकत्र केलेला एक नमुना घेऊ. पंचेचाळिशीच्या एक बाई. सहा महिने सांधे दुखत होते. चार महिन्यांपूर्वी पोटात दुखायला लागलं. नाभीभोवती पिळवटून कळ यायची, गुडघे पोटाशी घेऊन बसावं लागायचं, मग ती आपोआप ओसरायची. सोबत बद्धकोष्ठता. सोनोग्राफी झाली, एन्डोस्कोपी झाली, दोन्हींत काही नाही. ॲसिडिटीच्या गोळ्या झाल्या. हिमोग्लोबिन 8.2 निघालं म्हणून लोह सुरू झालं. दोन महिन्यांनी ते 8.0 होतं आणि बद्धकोष्ठता वाढली होती, कारण लोहाच्या गोळ्यांनी तीही होते. मग कुणीतरी फेरिटिन तपासलं. फेरिटिन म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा अंदाज. लोह कमी असेल तर ते 15 किंवा 30 च्या खाली असायला हवं. या बाईंचं 310 होतं. थॅलॅसेमियाची चाचणी झाली, तीही नॉर्मल आली.

उत्तर मिळालं ते रक्ताच्या साध्या फिल्मवर. काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरायचा, लिशमन स्टेनने रंगवायचा आणि पाहायचं. पूर्ण रक्ततपासणी यंत्र करायला लागल्यापासून फिल्मकडे दुर्लक्ष होतं, पण यंत्राला जे दिसत नाही ते इथे दिसतं. या बाईंच्या बऱ्याच तांबड्या पेशींत निळे ठिपके होते, भरड, पेशीभर विखुरलेले. याला बेसोफिलिक स्टिपलिंग म्हणतात. हे ठिपके म्हणजे लोह नव्हे. पेशी तयार होताना तिच्यात आरएनए असतो आणि परिपक्व होताना तो मोडून टाकला जातो. ते मोडण्याच्या कामातलं एक एन्झाइम शिसं बंद पाडतं, आणि न मोडलेल्या आरएनएचे गठ्ठे निळ्या ठिपक्यांच्या रूपात राहतात. ठिपके पाहून लगेच शिशाचा निकाल मात्र देता येत नाही, कारण थॅलॅसेमियाच्या वाहकांतही ते दिसतात. शिवाय ईडीटीएच्या नळीत रक्त बराच वेळ पडून राहिलं तर ते पुसट होतात. ताज्या रक्ताची फिल्म केली नसती तर ते हातून निसटलेही असते.

यानंतर बाईंना नव्याने विचारलं गेलं, ‘ताई, आणखी काही औषध घेता का?’ त्या नाहीच म्हणाल्या. ‘देशी, गावठी, कुणी ओळखीच्याने दिलेलं?’ असं विचारल्यावर मात्र, ‘अहो, ते काही औषध नाही. सांध्यांसाठी नुसत्या गोळ्या आहेत.’ कागदाच्या पुडीत, नाव नसलेल्या, दिवसाला चार.

यात आश्चर्य करण्यासारखं काही नाही. रसशास्त्रात नागभस्म म्हणजे शिशाचं भस्म हे जाणूनबुजून वापरायचं द्रव्य आहे. 2004 साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात बोस्टन परिसरातल्या दुकानांतून दक्षिण आशियात बनलेली 70 आयुर्वेदिक उत्पादनं विकत घेऊन तपासली, तेव्हा 14 मध्ये जड धातू सापडले आणि त्यांपैकी 13 मध्ये शिसं होतं. त्याच वर्षी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने पाच राज्यांतल्या 12 प्रौढांची नोंद प्रसिद्ध केली. सगळ्यांना आयुर्वेदिक औषधांतून शिशाची बाधा झाली होती. ‘भस्म नीट सिद्ध झालं की ते निरुपद्रवी होतं’ हा युक्तिवाद नेहमी होतो, पण मला तो पटत नाही. शिसं हे मूलद्रव्य आहे, ते भट्टीत नाहीसं होत नाही, आणि रुग्णाच्या रक्तात मोजलं की शिसं म्हणूनच मोजलं जातं. निव्वळ वनस्पतींच्या काढ्यांना आणि चूर्णांना याच पंक्तीत बसवायचं कारण नाही, हेही तितकंच खरं.

हिशेब करून पाहू. एका गोळीचं वजन पाव ग्रॅम धरलं आणि तिच्यात एक टक्का शिसं धरलं, तर गोळीमागे अडीच मिलिग्रॅम. दिवसाला चार गोळ्या म्हणजे 10 मिलिग्रॅम, म्हणजे 10,000 मायक्रोग्रॅम. मूल होऊ शकणाऱ्या वयातल्या स्त्रीच्या आहारातल्या शिशासाठी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने रोजचा संदर्भ आकडा ठेवला आहे तो 8.8 मायक्रोग्रॅमचा. बाई रोज त्याच्या हजारपटीहून जास्त घेत होत्या. मोठ्या माणसाच्या आतड्यातून त्यातला साधारण दहावा भागच रक्तात जातो, पण हजारपटीतला दहावा भागही कमी नसतो.

हे शिसं नेमकं काय करतं ते पाहायला हीमच्या जन्मापासून सुरुवात करावी लागते. हिमोग्लोबिनमधला प्राणवायू धरणारा भाग म्हणजे हीम. मध्यभागी लोहाचा एक अणू आणि त्याच्याभोवती पॉर्फिरिन नावाचं चौकोनी कडं. ते बनवायला आठ टप्पे लागतात. पहिला टप्पा अस्थिमज्जेतल्या कोवळ्या तांबड्या पेशीच्या मायटोकॉन्ड्रियात होतो. ग्लायसीन हे साधं अमिनो आम्ल आणि सक्सिनिल कोएन्झाइम ए यांच्यापासून एएलए नावाचा छोटा रेणू तयार होतो. तो करणाऱ्या एन्झाइमला बी6 जीवनसत्त्व लागतं, हे लक्षात ठेवा, पुढे लागेल. एएलए मायटोकॉन्ड्रियाबाहेर येतो, दुसऱ्या टप्प्यात दोन-दोन एएलए जोडले जातात, मग असे चार जोड साखळीत ओवले जातात, साखळीचं कडं होतं, आणि ते कडं पुन्हा मायटोकॉन्ड्रियात जातं. तिथे शेवटच्या, आठव्या टप्प्यात फेरोकिलेटेज हे एन्झाइम कड्याच्या मधोमध लोह बसवतं. हीम तयार.

शिसं यातल्या दोन जागी घुसतं. एक म्हणजे दुसरा टप्पा. तिथल्या एन्झाइमला काम करायला झिंकचा अणू लागतो, शिसं त्याला हुसकावून स्वतः तिथे बसतं. मग एएलए जोडले जात नाहीत, साठतात, लघवीतून बाहेर पडायला लागतात. पोटातल्या त्या पिळवटणाऱ्या कळेचा संबंध बहुधा या साठलेल्या एएलएशी आहे, कारण पॉर्फिरिया नावाच्या आनुवंशिक आजारातही एएलए साठतो आणि तिथेही हुबेहूब अशीच कळ येते, अशीच बद्धकोष्ठता होते. शिशाच्या रुग्णांचं पोट उगाच उघडलं गेल्याचे दाखले वैद्यकात आहेत ते याचमुळे. सर्जनला अपेंडिक्स किंवा आतड्याचा अडथळा वाटतो आणि आत काहीच सापडत नाही.

दुसरी जागा म्हणजे शेवटचा टप्पा, लोह बसवण्याचा. पुस्तकात लिहिलेलं असतं की शिसं फेरोकिलेटेज बंद करतं. पण शिशाच्या रुग्णात जे साठतं ते मोकळं पॉर्फिरिन नसतं. त्याच्या मधोमध लोहाऐवजी झिंक बसलेलं असतं. झिंक बसवायचं कामही फेरोकिलेटेजच करतं. म्हणजे एन्झाइम पूर्ण मेलेलं नाही, त्याच्यापर्यंत लोह नीट पोचत नाही, असा तर्क बऱ्याच जणांनी केला आहे आणि मला तो योग्य वाटतो. फेरोकिलेटेज खरोखर जन्मतःच कमी असलेल्या आजारात पॉर्फिरिन मोकळं साठतं आणि उन्हात गेलं की त्वचेची आग होते. शिशाच्या रुग्णाला तसं होत नाही. झिंक बसलेलं हे पॉर्फिरिन मोजता येतं. तांबडी पेशी साधारण 120 दिवस जगते, त्यामुळे तो आकडा गेल्या तीन-चार महिन्यांत काय घडलं ते सांगतो. मात्र साध्या लोहाच्या कमतरतेतही तो वाढतो, म्हणून निदान त्याच्यावर ठरत नाही.

निदान ठरतं ते रक्तातलं शिसं मोजून. इथे एक चूक वारंवार होते. शिशाचा 99 टक्क्यांहून जास्त भाग तांबड्या पेशींत असतो, सीरममध्ये नाही. सीरम वेगळं करून पाठवलं तर आकडा खोटा दिलासा देतो. संपूर्ण रक्त, धातूरहित नळीत, शिरेतून घेतलेलं, असंच पाठवायला हवं. बाईंचा आकडा 86 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर आला. मुलांच्या बाबतीत अमेरिकेचं रोगनियंत्रण केंद्र 2021 पासून साडेतीनला सावध होतं, यावरून 86 म्हणजे काय ते कळावं. ॲनिमिया इतक्या वरच्या पातळीला दिसतो. मुलांच्या मेंदूवरचा परिणाम मात्र त्याच्या कितीतरी आधी, हिमोग्लोबिन ठीक असतानाच सुरू झालेला असतो. म्हणून लहान मुलाचं हिमोग्लोबिन चांगलं आहे एवढ्यावरून शिसं नाही असं समजता येत नाही.

उपचाराची पहिली पायरी म्हणजे गोळ्या बंद. हे ऐकायला फारच साधं वाटतं, पण स्रोत चालू ठेवून दिलेलं कोणतंही औषध पाण्यात जातं. बाईंना लक्षणं होती आणि आकडा मोठा होता, म्हणून सक्सिमर दिलं गेलं. हे शिशाला धरून लघवीतून बाहेर काढणारं औषध आहे, त्याचा कोर्स 19 दिवसांचा असतो. शिरेतून द्यायचं दुसरं औषध म्हणजे ईडीटीए. ते कॅल्शियमयुक्तच असावं लागतं. चुकून सोडियमचं दिलं गेलं तर रक्तातलं कॅल्शियम धाडकन उतरतं, आणि त्यातून अमेरिकेत मृत्यू झालेले आहेत. 19 दिवसांनी बाईंचा आकडा 40 च्या आसपास आला आणि पुढच्या तीन आठवड्यांत पुन्हा 58 झाला. कुणीतरी परत गोळ्या सुरू केल्या असा संशय घ्यायची गरज नव्हती. प्रौढ शरीरातल्या शिशाचा 90 टक्क्यांहून मोठा वाटा हाडांत असतो आणि रक्त रिकामं झालं की हाडं ते परत सोडतात. रक्तातलं शिसं महिन्याभरात निम्मं होतं, हाडातलं निम्मं व्हायला दशकं लागतात.

या बाईंना अस्थिमज्जेची तपासणी लागली नाही. लागते ती ठिपके नसतील, शिसं नसेल, आणि तरी लोह साठत असेल तेव्हा. कमरेच्या मागच्या हाडाला भूल देऊन सुई घालतात, थोडी मज्जा ओढतात, काचेवर पसरतात. एक स्लाइड नेहमीच्या रंगाची आणि एक खास लोहासाठी. लोहाचा रंग माक्स पर्ल्स या जर्मन माणसाच्या नावाने ओळखला जातो, 1867 पासूनचा. हायड्रोक्लोरिक आम्ल टाकलं की प्रथिनांत अडकलेलं लोह सुटतं, पोटॅशियम फेरोसायनाइडशी त्याचा संयोग होतो आणि प्रशियन ब्लू तयार होतो, चित्रकारांच्या पेटीतला तोच गर्द निळा. नॉर्मल मज्जेतही काही कोवळ्या तांबड्या पेशींत एखाद-दोन निळे कण दिसतात. ते पेशीद्रवातल्या साठ्याचे, त्यात काही वावगं नाही.

रोगाच्या पेशीत मात्र निळे कण केंद्रकाभोवती माळेसारखे लागलेले असतात. कमीत कमी पाच कण आणि केंद्रकाच्या परिघाचा निदान तिसरा हिस्सा वेढलेला, अशी गणनेची अट आहे. त्या पेशीला रिंग्ड सिडेरोब्लास्ट म्हणतात. पहिल्यांदा पाहताना वाटतं, कुणी टोकदार पेनने केंद्रकाभोवती टिंबं काढली आहेत. कडं तिथेच का? या पेशीत मायटोकॉन्ड्रिया केंद्रकाला चिकटून बसलेले असतात आणि लोह त्यांच्याच आत अडकलेलं असतं. गाळप बंद पडलेल्या साखर कारखान्याच्या फाटकाशी उसाच्या गाड्यांची रांग लागावी तसं. लोह येत राहतं, पण ते बसवायला पॉर्फिरिनच तयार नाही.

शिसं या कारणांच्या यादीत प्रत्येक पाठ्यपुस्तकात असतं, पण शिशाच्या रुग्णाच्या मज्जेत कडी थोडीच दिसतात, कित्येकदा दिसतही नाहीत. मघाच्या झिंकच्या गोष्टीशी हे जुळतं. लोह मायटोकॉन्ड्रियात पोचायलाच अडचण असेल तर तिथे साठणार कसं? म्हणून कडी दिसली की शिशाचा विचार करावा, पण शिशाच्या निदानासाठी कड्यांची वाट पाहू नये.

कडी खऱ्या अर्थाने ठसठशीत दिसतात ती पहिला टप्पा बिघडल्यावर. त्या टप्प्याला बी6 लागतं हे आठवा. क्षयरोगाच्या उपचारातलं आयसोनियाझिड बी6 ला निकामी करतं, आणि म्हणूनच त्याच्यासोबत पायरिडॉक्सिनची छोटी गोळी देतात. मज्जातंतूंना इजा होऊ नये हे त्याचं मुख्य कारण, पण रक्तालाही त्याचा उपयोग होतो. दीर्घकाळ भरपूर दारू पिणाऱ्यांच्या मज्जेतही कडी दिसतात आणि दारू थांबली की काही आठवड्यांत जातात. प्रतिकारशक्तीच्या नावाखाली महिनोन्‌महिने झिंक खाणाऱ्याच्या शरीरात तांबं कमी पडतं, त्यातूनही कडी येतात, आणि त्यासोबत पांढऱ्या पेशीही घटतात. या तिन्हींत कारण थांबवलं की माणूस सुधारतो, म्हणून मोठं निदान देण्याआधी हे तिन्ही प्रश्न विचारून घ्यावेत.

मोठं निदान म्हणजे वयस्कांमधला मायलोडिसप्लास्टिक आजार. सत्तरीतल्या माणसात हिमोग्लोबिन हळूहळू घटतं, तांबड्या पेशींचा सरासरी आकार मोठा असतो, आणि मज्जेत कड्यांची रेलचेल असते. 2011 साली अशा बहुतेक रुग्णांच्या पेशींत SF3B1 नावाच्या जनुकात बदल सापडला. हा बदल जन्मजात नसतो, आयुष्यात कधीतरी मज्जेतल्या एखाद्या मूळ पेशीत झालेला असतो. त्यांच्यापैकी पुष्कळ जणांना वर्षानुवर्षं रक्त भरावं लागतं. अलीकडे लस्पाटर्सेप्ट नावाचं इंजेक्शन आलं आहे, दर तीन आठवड्यांनी त्वचेखाली देतात आणि काहींचं रक्त भरणं त्याने थांबतं किंवा कमी होतं. सगळ्यांचं नाही.

जन्मजात प्रकार त्याच्या अगदी उलटा दिसतो. तिथे तांबड्या पेशी लहान आणि फिक्या, अगदी लोहाच्या कमतरतेसारख्या किंवा थॅलॅसेमियासारख्या. आणि त्यामुळेच फसगत होते. 1945 साली डेट्रॉइटच्या थॉमस कूली यांनी अशा एका कुटुंबाची नोंद केली, ज्यात ॲनिमिया पुरुषांनाच होत होता. थॅलॅसेमियाला ज्यांचं नाव पूर्वी लावलं जायचं ते हेच कूली. दोष एक्स गुणसूत्रावर आहे हे त्या वारशाच्या पद्धतीवरून दिसत होतं. 1994 मध्ये त्याच कुटुंबाच्या जनुकाचा छडा लागला. तो पहिल्या टप्प्याच्याच एन्झाइमचा होता, ALAS2. मुलाला आईकडून येतो, म्हणून अशा मुलाच्या आईला विचारताना तिच्या भावांबद्दल, म्हणजे मुलाच्या मामांबद्दल विचारावं.

या मुलांना लोह दिलं तर हिमोग्लोबिन वाढत नाही आणि यकृतात, हृदयात लोह साठत जातं. खरं तर न देताही साठतं, कारण मज्जेत पेशी तयार होतात आणि तिथेच मरतात, आणि ‘रक्त कमी आहे, लोह आणा’ असा संदेश आतड्याला मिळत राहतो. बी6 मात्र काहींना लागू पडतं. रोज 50 ते 100 मिलिग्रॅम पायरिडॉक्सिन दोन-तीन महिने देऊन पाहतात. एन्झाइममधला दोष कुठे आहे यावर अवलंबून कुणाचं हिमोग्लोबिन सातावरून अकरावर जातं, कुणाचं ढिम्म हलत नाही. लागू पडलं तर ते आयुष्यभर चालू ठेवावं लागतं. मात्र जास्त डोसने हातापायांच्या बधिरतेचा धोका असतो, म्हणून आपल्या मनाने वाढवायचं नाही.

आणि मग एक प्रसंग असा येतो की नातेवाइकांचा विश्वास बसत नाही. बी6 वर हिमोग्लोबिन अकरा-बाराच्या आसपास स्थिर झालं, पण फेरिटिन दीड हजारावर आहे. अशा वेळी डॉक्टर सांगतात, आता दर काही आठवड्यांनी थोडं रक्त काढू. आयुष्यभर ‘याला रक्त कमी आहे’ असं ऐकलेल्या घरात हे वाक्य विचित्र वाटणारच. पण शिरेतून काढलेल्या दर अर्ध्या लिटरबरोबर साधारण 200 ते 250 मिलिग्रॅम लोह बाहेर जातं, आणि नवीन पेशी बनवायला शरीर ते यकृतातल्या साठ्यातून काढून घेतं. हिमोग्लोबिन खाली येत असेल तर रक्त काढणं थांबवतात आणि लोह बाहेर काढणाऱ्या डेफेरासिरॉक्स या गोळ्या सुरू करतात.